फाटकाशीच संपणारं मैदान

माझी भाची नऊ वर्षांची आहे. जन्मापासून तिच्या पायांत ताठरपणा आहे, ती चाकाच्या खुर्चीवर फिरते. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे नळदुर्गला आली, तेव्हा संध्याकाळी मी तिला वस्तीजवळच्या खेळाच्या मैदानावर घेऊन गेलो. किल्ल्यात नेणं जमण्यासारखं नव्हतं, तिथल्या पायऱ्या चारशे वर्षांपूर्वीच्या. मैदान मात्र आपल्या काळातलं, आपल्या पैशातून झालेलं. तिथं काय अडचण येणार, असं मला वाटलं.

फाटकापाशी उतार होता, तो पाहून बरं वाटलं. खुर्ची ढकलत वर नेली आणि समोर लोखंडी पाइपांचं नागमोडी फाटक. गुरं आणि मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून बसवतात तसलं. माणसानं अंग चोरून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं वळून आत जायचं. भाचीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "मामा, तू जा आत. मी इथूनच बघते." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला सवय होती, आणि मला तेच लागलं.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन गेलो. दोन पाइपांमधली जागा ४२ सेंटिमीटर. भाचीची खुर्ची, चाकं फिरवणाऱ्या हातांसह, ६० सेंटिमीटरच्या वर. पायरीची उंची १५ सेंटिमीटर आणि तिच्यावरचा उतार फक्त ६० सेंटिमीटर लांब. म्हणजे चार सेंटिमीटर पुढं गेलं की एक सेंटिमीटर चढायचं. खुर्चीसाठीचा मान्य उतार एकास बारा असतो. म्हणजे एवढ्याच पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. आदल्या दिवशी मी मागून ढकलत होतो, म्हणून मला तो चढ जाणवला नव्हता. ती एकटी असती तर खुर्ची मागं उलटली असती.

अशा ठिकाणच्या तपासणी तक्त्यात एक रकाना असतो: 'रॅम्प आहे / नाही'. इथं 'आहे'वर खूण होणार आणि ती खोटीही नसणार. महाडच्या चवदार तळ्याचं असंच झालं होतं. तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. प्रत्यक्षात पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब स्वतः तळ्यात उतरले तेव्हा. म्हणून आम्ही ठरवलं की मैदानाची तपासणी रकान्यांवर करायची नाही. ज्याला आत जायचंय त्याला सोबत घेऊन फाटकापासून सुरुवात करायची आणि तो जिथं थांबेल तिथं मोजायचं.

पुढच्या रविवारी आम्ही पाचजण गेलो. भाची, तिची आई, काठी घेऊन चालणारे एक अंध गुरुजी, तीन वर्षांचं एक पोरगं आणि मी. भाचीला आम्ही उचलून आत नेलं. तिला ते आवडत नाही, तिनं तसं सांगितलंही. गुरुजींची काठी नागमोडी फाटकातून नीट गेली, पण छातीच्या उंचीचा आडवा पाइप काठीला कळला नाही, त्यांच्या बरगडीला कळला.

पोरगं थेट घसरगुंडीवर. वर चढून उभं राहायच्या चौथऱ्याला उभ्या गजांचा कठडा होता. लहान मुलांच्या बाबतीत इथं एक गोष्ट कळायला हवी. गजांमधली फट अगदी अरुंद असली तर मूल त्यात जात नाही, खूप रुंद असली तर सगळंच्या सगळं निघून जातं. जीवघेणी असते ती मधली फट. मूल पाय आधी घालतं, धड सरकून बाहेर येतं आणि डोकं अडकतं. मग सगळा भार मानेवर येतो. खेळसाहित्याच्या परदेशी मानकांत ही धोक्याची फट साधारण ९ पासून २३ सेंटिमीटरपर्यंत धरतात. तपासायला महागडं काही लागत नाही. ९ बाय १६ सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा म्हणजे मुलाचं धड, आणि मोठ्या मुलांचा फुटबॉल, जो साधारण २२ सेंटिमीटरचा असतो, तो म्हणजे डोकं. ठोकळा गेला आणि फुटबॉल अडला तर ती फट वाईट. आमचा ठोकळा त्या कठड्यात सहज गेला, फुटबॉल अडला. फट १३ सेंटिमीटर होती. प्रत्येक दोन गजांमध्ये एक गज जास्तीचा वेल्ड केला की काम होतं. गज सव्वा सेंटिमीटरचा धरला तरी उरलेली फट सहाच्या आत राहते.

खालची जमीन हा खरा गुंतागुंतीचा भाग. घसरगुंडीचा चौथरा १२० सेंटिमीटर उंच आणि त्याखाली फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे. दिसायला स्वच्छ, पण डोक्यावर पडलेल्या मुलासाठी तो रस्ताच. एवढ्या उंचीखाली २३ सेंटिमीटर सैल वाळू असावी, असं मानक सांगतं. ती एकदा टाकून भागत नाही, पोरांच्या पायांनी नेमकी उतरण्याच्या जागीच उडून जाते. दर आठवड्याला काडी खुपसून खोली पाहावी लागते, कुत्र्यांची घाण काढावी लागते. हे काम कुणाचं, हे लिहून ठेवलं नाही तर दोन महिन्यांत खाली पुन्हा दगड.

मी वाळूचं बोललो तर भाची लगेच म्हणाली, "मग माझी चाकं?" तिचं बरोबर होतं. जी जमीन पडणाऱ्याला वाचवते तीच खुर्चीला गाडते. रबराची लादी दोन्ही कामं करते, पण ती सगळीकडं परवडायची नाही. आम्ही बसून ठरवलं ते असं: वाळू फक्त खेळण्याच्या खाली आणि चहूबाजूंनी १८० सेंटिमीटरपर्यंत, तिथवर जाणारी वाट धुम्मस करून कडक केलेल्या मुरमाची, १२० सेंटिमीटर रुंद, आणि निदान एका झोक्यापुरती रबराची लादी, म्हणजे खुर्ची थेट झोक्याला भिडेल. पाठ टेकता येईल असं आसन त्या झोक्याला हवं, कारण भाचीला नुसती फळी धरून तोल राखता येत नाही.

हे सगळं फोटोंसह अर्जात लिहून दिलं. दारापाशी बसलेल्या गृहस्थांनी विचारलं, "अशी किती मुलं येतात मैदानावर?" मी म्हटलं, एकही येत नाही, फाटकाची रुंदी ४२ सेंटिमीटर आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक सेवांमध्ये करमणुकीलाही धरतो आणि डोकी मोजून हक्क द्या असं कुठं म्हणत नाही. सुगम्यतेची मानकं म्हणजे नुसत्या सूचना, अशी पळवाट नियमांत होती. सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात तीही कायद्याविरुद्ध ठरवली.

गुरांचा प्रश्न त्यांनी काढला, तो रास्त होता. मोकाट जनावरं खरंच शिरतात. आम्ही नागमोडी पाइपांच्या जागी ९० सेंटिमीटरचं साधं बिजागरीचं फाटक मागितलंय. त्याची कडी बसल्या हाताला पोचेल अशी, जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर. गाईला कडी उघडता येत नाही. मोटारसायकलवाल्याला येते, हे मी त्यांना लपवलं नाही. त्याला अडवायला माणूस लागेल किंवा दंड लागेल. त्याच्यासाठी पाइप लावायचा आणि अडवायचं भाचीला, हे चालणार नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पुन्हा यायची आहे. वेल्डिंगवाल्याकडून जास्तीच्या गजांचा आणि फाटकाचा अंदाज लेखी घेऊन तो अर्जाला जोडलाय. घसरगुंडीचा पत्रा मे महिन्यात दुपारी चारला किती तापतो, हे तेवढं मोजायचं राहिलंय. ते तिच्यासोबतच मोजू.