‘इत्यादी’ची किंमत

दोषांची यादी हल्ली माझे तरुण सहकारी करतात. शिडीवर चढून छताची ओल चाचपणे गुडघ्यांना मानवेनासे झाले. माझ्याकडे उरले ते ताबापत्र. त्यामुळे यादीच्या लांबीत इतकी वर्षे लपून राहिलेला प्रश्न आता रोज समोर येतो: दोषाची ओळ लिहायची कशी आणि तिच्यापुढे रिटेन्शनमधले किती रुपये धरायचे? ‘बाथरूममध्ये गळती, दुरुस्त करणे’ असे सगळेच लिहितात. त्यावर खालच्या छताला पुट्टी लागते, रंगाचा एक हात बसतो, डाग जातो आणि ओळीवर काट मारली जाते. ओल मात्र परत येते. मग थेट उपायच लिहावा, ‘नहाणी ट्रॅपचा सांधा उघडून नव्याने बसवणे’, असा मोह होतो. पण दोष वॉटरप्रूफिंगमध्ये निघाला तर कंत्राटदार म्हणणार, “साहेब, तुम्ही सांगितलं ते केलं,” आणि ते खरेच असते. उपाय सांगणारा दोषही अंगावर घेतो. म्हणून ओळीत तीनच गोष्टी असाव्यात: जागा, लक्षण आणि परीक्षा. पहिल्या मजल्यावरचे पूर्वेचे न्हाणीघर. खालच्या छताला ट्रॅपभोवती ओल. दुरुस्तीनंतर ट्रॅपला बूच मारून ४८ तास पाणी साठवायचे, मग बूच काढून पाणी वाहू द्यायचे, आणि दोन्ही वेळा खालचे छत कोरडे राहिले पाहिजे. बूच असताना ओल आली तर संशय जमिनीवर, ते काढल्यावर आली तर ट्रॅपवर किंवा पाइपवर. मात्र आधीची ओल पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर जुना डागच साक्ष देत बसतो.

पैशांचा हिशेबही याच ओळींवर बेतावा. समजा, घराचे कंत्राट ८० लाखांचे आणि रिटेन्शन ५ टक्के, म्हणजे ४ लाख. बहुतेक करारांप्रमाणे ताबा देताना निम्मे सुटते. उरलेले २ लाख दोषदायित्वाच्या १२ महिन्यांसाठी राहतात. त्यांतले ४५ हजार न्हाणीघरापुढे, ६० हजार पावसाच्या पाइपजवळ पाणी साचणाऱ्या गच्चीच्या ढाळापुढे आणि १५ हजार दोन गळक्या खिडक्यांपुढे लिहावेत. काम परीक्षेला उतरले की सात दिवसांत ती रक्कम द्यावी. उरलेल्या ८० हजारांना नाव देऊ नये. ते पावसाळ्यात उघड होणाऱ्या दोषांसाठी १२ महिने संपेपर्यंत थांबतील. करारात अशी टप्प्यांची सोय नसते, म्हणून पत्रावर मालक आणि कंत्राटदार दोघांच्याही सह्या हव्यात. एकट्या आर्किटेक्टच्या सहीने करार बदलत नाही.

मालक म्हणतो, सगळे झाल्याशिवाय एक पैसाही सोडू नका. हे ऐकायला कणखर वाटते, पण कंत्राटदाराचे गणित वेगळे असते. न्हाणीघर दुरुस्त करून आज काहीच मिळणार नसेल, तर प्लंबरची मजुरी तो नव्या साइटवर खर्च करतो आणि आपले २ लाख मनातल्या मनात बुडीत खात्यात टाकतो. एकदा बुडीत धरलेल्या पैशांची त्याला ओढ राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: नाव घातलेली रक्कम सोडून देऊन तो ते काम टाळेल. म्हणूनच आकडा त्याच्या दराने धरू नये; बाहेरचा माणूस आणून, फरशी फोडून, पुन्हा बसवून घ्यायला जो खर्च येईल तो धरावा. खिडक्यांचे काम त्याला ६ हजारांत होत असेल, तर १५ हजार सोडणे परवडत नाही. आणि सोडलेच तर मालकाचे काम तेवढ्यात होते. रक्कम दिली म्हणजे जबाबदारी संपली असेही नाही, हे पत्रात स्पष्ट असावे. सदनिका प्रकल्पात तर २०१६ च्या रेरा कायद्याने बांधकामातील दोषांसाठी ताब्यापासून ५ वर्षे विकासकाला बांधले आहे. कंत्राटदाराचे रिटेन्शन वर्षात सुटले तरी ती मुदत आटत नाही.

हल्ली ताब्याआधी तपासणी करून देणारे लोक फोटोंसह दोनशे बाबींचा अहवाल देतात. दाराच्या पॉलिशवरचा ओरखडा आणि गच्चीचा ढाळ त्यात शेजारी-शेजारी, सारख्याच वजनाने बसतात. मला तो अहवाल आवडत नाही, पण नाक मुरडायचा अधिकार मला फारसा नाही. माझ्याही याद्या लांबच असत, कारण लांब यादी मालकाला माझी नजर दाखवत असे. आणि शेवटी मी ‘इत्यादी’ लिहीत असे. त्या एका शब्दामुळे यादी कधीच पूर्ण होत नसे, कंत्राटदार माझ्या शब्दासाठी ताटकळत राही, आणि ते ताटकळणे मला मान दिल्यासारखे वाटे. आता मसुद्यात तो शब्द दिसला की मी खोडतो. खोडताना हात अजूनही क्षणभर थांबतो.