ब्रिजचा फोटो मी मागितलाच नव्हता

रत्नागिरीत माझं गिटारच्या तारा आणि छोट्या दुरुस्त्यांचं काम चालतं. गावाकडची मंडळी फोनवर फोटो पाठवतात, मी गिटार कोणती ते ओळखून तारा एसटीच्या पार्सलने धाडतो. लांज्याच्या एका मुलाने असाच फोटो पाठवला. बॉडीला खाली खोल कट होता, म्हणून मी ती सरळ अकूस्टिक धरली आणि स्टीलच्या लाइट तारांचा सेट पाठवला. ती क्लासिकल निघाली. काही दिवसांतच ब्रिज मागच्या बाजूने उचलला गेला आणि पुढच्या फळीचे लाकडाचे तंतू त्याच्याबरोबर सुटून आले.

नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो, स्टीलच्या लाइट सेटचा ७० किलोच्या पुढे. क्लासिकलची फळी पातळ आणि आतल्या पट्ट्या हलक्या असतात. त्यात आमच्याकडची पावसाळी दमट हवा, म्हणजे सरसही ढिला पडतो. त्या मुलाची गिटार माझ्यामुळे बिघडली आणि दुरुस्तीचा खर्च मीच केला.

फोटो पुन्हा पाहिला, तर सगळं त्यात दिसत होतं. हेडस्टॉकमध्ये दोन लांब खाचा होत्या, त्यांत आडवे, जाड, पांढरे रोलर होते आणि खालच्या तीन तारा पारदर्शक होत्या. कट तर क्लासिकललाही असतो.

त्यानंतर मी उलटा घोटाळा केला. खाचा दिसल्या की नायलॉन, असं धरून बसलो आणि एका गृहस्थांना जुन्या गिटारसाठी नायलॉन तारा दिल्या. गिटार मोडली नाही, पण आवाज बसका आला आणि बारीक धातूच्या खुंट्यांवरून तारा घसरत राहिल्या. ती स्टीलचीच होती. मार्टिन कंपनीने १९२९ मध्ये बॉडीबाहेर चौदा फ्रेटची गिटार आणली, त्याआधी स्टीलच्या पुष्कळ गिटारनाही बारा फ्रेट आणि खाचांचा हेडस्टॉक असायचा. तसे नमुने आजही बनतात.

म्हणून आता मी ब्रिजचा समोरून काढलेला फोटो मागतो. तारा गोल पिनांखाली जात असतील तर बहुधा स्टील. आडव्या पट्टीतल्या भोकांतून येऊन गाठी मारलेल्या असतील तर बहुधा नायलॉन. हेडस्टॉकजवळ, तारा बसतात त्या पांढऱ्या पट्टीची रुंदी फूटपट्टीने मोजून सांगायलाही सांगतो. ५२ मिलिमीटरच्या आसपास क्लासिकल, ४३च्या आसपास स्टील. तिरक्या फोटोवरून हा फरक कळत नाही. आणि तारा किती लागतील हे ठरवताना तारा नाही, खुंट्या मोजायच्या, कारण बारा तारांच्या गिटारवर पुष्कळदा सहाच तारा चढवलेल्या असतात.

एवढं करूनही शंका उरली, तर मी नायलॉन पाठवतो. चुकलं तरी गिटार सलामत राहते.