न पाहिलेल्या माणसाविषयी

आमच्या पवनीला त्या दुपारी चिपळूणहून पत्र आले आणि पाकिटावरचा पत्ता पाहताच मी दारात थबकले. गेली बावीस वर्षे आतले पत्र माझ्या मैत्रिणीचे आणि वरचा पत्ता तिच्या यजमानांच्या वळणदार अक्षरातला, असा रिवाज होता. या खेपेला पत्ताही तिनेच लिहिला होता. आत पत्राच्या माथ्यावर 'श्री' नव्हता. अशुभाच्या पत्रावर तो लिहीत नाहीत, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

त्यांना मी कधीही पाहिले नव्हते. नागपूरच्या वसतिगृहात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो, पुढे ती कोकणात गेली आणि वैनगंगेपासून वाशिष्ठीपर्यंतचा प्रवास दोघींपैकी कोणाकडूनही घडला नाही.

उत्तर लिहायला बसले तेव्हा पहिले वाक्य उतरले, 'ते फार प्रेमळ होते.' तुम्हीही कदाचित असेच लिहिले असते. पण हे मला कसे कळले, असे तिने विचारले असते तर मी काय सांगणार होते? 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो' हे वाक्य खोटे नव्हते, परंतु ते कोणाच्याही घरी चालले असते. दोन्ही कागद मी फाडले.

मग तिची जुनी पत्रे काढली आणि त्यांत ते कोठे कोठे येतात ते पाहिले. एका उन्हाळ्यात त्यांनी विचारले होते, 'तुमच्या भंडाऱ्याच्या तलावांत अजून पाणी आहे का?' एकदा मी पाठवलेल्या तांदळाचा भात खाऊन, हा आमच्या तांदळाहून बारीक आहे, असे त्यांनी कबूल केले होते, आणि कोकणी माणसाने एवढे मान्य केले म्हणून तीच चकित झाली होती. मी एवढेच लिहिले. त्यांच्या आजाराविषयी काही विचारले नाही. ती हकिगत तिला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगावी लागत असणारच. 'काही लागल्यास कळव' असेही लिहिले नाही, कारण मागण्याचा भार पुन्हा तिच्यावरच पडला असता. उत्तराची घाई नाही, हे मात्र स्पष्ट लिहिले. दुसरे पत्र मी तेरवी होऊन पाहुणे परतल्यानंतर टाकले. घर रिकामे होते ते तेव्हा.

असे पत्र घरात ठेवू नये, वाचून फाडावे, असे माझ्या सासूबाई म्हणत. मी तिचे ते पत्र फाडले. पाकीट मात्र राहिले.

दोन महिन्यांनी तिचे उत्तर आले. तिने लिहिले होते, 'त्यांच्या हातचे माझ्यापाशी हिशेबाच्या वह्यांखेरीज काही नाही. तुझ्याकडे पाकिटे असतील तर एखादे पाठव.' मी सात पाठवली.