चोरी नव्हे, नो-लोड लॉस

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात आजही एक ओळ आहे: ‘वीजचोरीच्या संशयावरून वायरमनचे काम बंद करण्यात आले.’ ती खोडावी म्हणून मी लेखी अर्ज दिला. ओळ तशीच आहे, आणि ती वाचली की अजूनही माझं डोकं फिरतं.

पुण्याजवळची आमची 280 घरांची वसाहत. वीज एकाच ठिकाणी 22 केव्हीने येते, तिथं वीज कंपनीचा एचटी मीटर. त्यापुढचे 630 केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर सोसायटीचे, घरोघरी आणि जिना-लिफ्ट-पंपांना सबमीटर. एचटी मीटरची युनिटं सबमीटरच्या बेरजेपेक्षा नेहमी जास्त यायची. खजिनदार ही तफावत दरमहा टक्क्यांत मांडायचे, आणि सगळा घोळ त्या टक्क्यांनीच केला.

मे महिन्यात सोसायटीचा वापर सुमारे 1,10,000 युनिट होता आणि तफावत 1,970, म्हणजे 1.8 टक्के. डिसेंबरमध्ये एसी बंद, वापर 70,000 वर आला. तफावत 1,860, म्हणजे जवळजवळ 2.7 टक्के. सभेत खजिनदार म्हणाले, “थंडीत चोरी वाढली.” मग कुणीतरी वायरमनचं नाव घेतलं, कारण पॅनेल रूमची किल्ली त्याच्याकडे असते. तो माणूस दाराशी उभा होता. “साहेब, मी कशाला करू असलं?” एवढंच म्हणाला. कुणी उत्तर दिलं नाही.

मी ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये नोकरी केलेली. मी विचारलं, वापर 40,000 युनिटांनी घसरला तरी तफावत जेमतेम शंभराने कमी का झाली? चोर काय हिशेबाने, महिन्याला ठरावीकच युनिटं नेतो? “काका, तांत्रिक बाबी नंतर बघू,” असं म्हणून विषय संपवला.

मी फायलीतून ट्रान्सफॉर्मरचं टेस्ट सर्टिफिकेट शोधून काढलं. नो-लोड लॉस 1.2 किलोवॅट, फुल लोडचा कॉपर लॉस 6.5 किलोवॅट. पहिला गाभ्यातला. एचटीचा दाब लागलेला असेपर्यंत तो चालूच. घरात एकही दिवा लागलेला नसला तरी 24 तास, वर्षाचे 8,760 तास. एका ट्रान्सफॉर्मरचे 10,512 युनिट झाले, दोघांचे 21,024. दुसरा लॉस वाइंडिंगमधल्या प्रवाहाचा, आणि तो प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आमचा सर्वाधिक भार दोन्ही मिळून 250 केव्हीएच्या आसपास, म्हणजे प्रत्येकावर फुल लोडच्या 20 टक्के. 20 टक्क्यांचा वर्ग चार टक्के, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी प्रत्येकात फक्त 260 वॅट. दिवसरात्रीचे चढउतार धरले तर वर्षाला दोघांचे मिळून जेमतेम दीड हजार युनिट. एकूण 22,500. महिन्याची सरासरी 1,875 येते. ‘चोरी’चा आकडा जवळपास तेवढाच होता.

वायरमन तोवर गेला होता.

मग मी आग्रह धरला की एक ट्रान्सफॉर्मर बंद ठेवा. सगळा भार एकावर घेतला तर तो 40 टक्के भरतो. कॉपर लॉस वाढून वर्षाला सुमारे 2,960 युनिट होतो, पण नो-लोड निम्मा होतो. बेरीज 13,500, बचत 9,000 युनिटांची. कमिटी तयार झाली. नव्या कंत्राटदाराने बस कपलर टाकला, दुसऱ्याचा एलटी ब्रेकर उघडला आणि ‘बंद केला’ असं रजिस्टरमध्ये लिहिलं. महिन्याअखेर तफावत होती तिथंच, उलट थोडी वाढलेली. मी ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो. ‘बंद’ ट्रान्सफॉर्मर नेहमीसारखा गुणगुणत होता. एचटीचा ब्रेकर चालूच! एलटी उघडून फक्त भार जातो, गाभ्याचा लॉस जात नाही. परवानाधारक माणसाकडून एचटी बाजू उघडल्यावर गुणगुण थांबली आणि पुढच्या महिन्यात तफावत अकराशेवर आली.

असा बंद ठेवलेला ट्रान्सफॉर्मर मात्र पावसाळ्यात जपावा लागतो. तेल थंड पडतं, ओल धरण्याची भीती असते. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं, आणि पुन्हा चार्ज करण्याआधी मेगरने इन्सुलेशन आणि तेलाचा बीडीव्ही तपासायचा. आम्ही आता दोघांना आलटूनपालटून चालवतो. तफावतीचा तक्ताही टक्क्यांऐवजी युनिटांत लावायला मी भाग पाडलं. बाकीच्या सोसायट्यांनीही तसंच करावं.

आता पार्किंगमध्ये गाड्यांचे चार्जर येत आहेत. आमच्या आकड्यांनी भार 380 केव्हीएच्या पुढे गेला की एकापेक्षा दोन ट्रान्सफॉर्मर चालवणं स्वस्त पडतं. शिवाय सातव्या मजल्यावर एका घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. एकमेव चालू ट्रान्सफॉर्मर रात्री पडला तर दुसरा तपासून चार्ज होईपर्यंत काय, हा प्रश्न मला आता नऊ हजार युनिटांपेक्षा मोठा वाटतो. येत्या सभेत दोन्ही चालू ठेवण्याचा ठराव आला तर मी बाजूने मत देईन, आणि त्याच सभेत वायरमनच्या नावावरची ती ओळ खोडण्याचा अर्ज पुन्हा मांडेन.