तांब्याभर पाणी

पोळा झाला आणि आमच्या तुळशीची पानं पिवळी पडू लागली. सुरुवातीला बुडाकडची चार-सहा पानं गेली. मग रोज सकाळी अंगण झाडताना कुंडीभोवती पसाभर पानं सापडू लागली. हात लावला की देठातून अलगद सुटत. दुपारी सगळं झाड माना टाकायचं. ते तहानलेलं आहे असं मी समजले आणि त्या दोन महिन्यांत जे जे केलं, ते त्या एका चुकीच्या समजुतीतून केलं.

खरी सुरुवात त्याआधी, ज्येष्ठात झाली होती. जुनं वृंदावन तडकलं म्हणून आम्ही बारा इंची सिमेंटची कुंडी आणली. पांढरकवड्यात मातीला काय तोटा! दिरांनी वावरातून पोतंभर काळी माती आणून दिली. ज्या मातीत पऱ्हाटी छातीएवढी होते, तिच्यात तुळस का नाही वाढणार, असं वाटून मी कुंडी नुसत्या काळ्या मातीनं काठोकाठ भरली. बुडाच्या छिद्रावर खापराचा तुकडा अगदी सपाट बसवला, माती वाहून जाऊ नये म्हणून.

आमच्याकडे आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालतात. सासूबाई एक तांब्या घालत, मी एक. तांब्यात पाऊण लिटर तरी मावतं, म्हणजे रोजचं दीड लिटर झालं. वर श्रावण-भाद्रपदाचा पाऊस होताच. छिद्रातून पाणी येतं का, हे मी एकदाही वाकून पाहिलं नाही.

मला फसवलं ते मातीच्या वरच्या थरानं. पाऊस दोन दिवस उघडला की काळी माती वरून वाळते, तिला भेगा पडतात, कुंडीच्या कडेपासून ती बोटभर सुटते. भेगा दिसल्या की मी आणखी पाणी घालायची. त्यातलं काही त्या फटीतून थेट बुडाशी उतरून साचत असे. ही माती इतकी बारीक कणांची असते की पाणी पिऊन फुगते आणि कणांमधली हवेची जागा बंद होते. वावरात ती खोल असते, पाण्याला खाली आणि बाजूला जायला वाट मिळते. कुंडीत चारी बाजूंनी सिमेंट आणि खाली माझं सपाट खापर. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाण्यात बुडालेलं असूनही पाणी ओढू शकत नाही. म्हणून माती ओली असतानाही झाड दुपारी माना टाकत होतं. तेव्हा बोट दोन पेरं आत घातलं असतं, तर मला तिथेच कळलं असतं.

दुसरी चूक युरियाची. जोराच्या पावसानंतर कपाशी अचानक सुकते, त्याला शेतकरी आकस्मिक मर म्हणतात. तेव्हा दिरांना झाडांच्या बुडाशी युरियाचं पाणी ओतताना मी पाहिलं होतं. पिवळेपणा म्हणजे नत्राची कमतरता, हेही ऐकून होते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी चमचाभर युरिया थेट मातीत टाकला आणि वरून तांब्या ओतला. चौथ्या दिवशी उरलेल्या हिरव्या पानांच्याही कडा करपून तपकिरी झाल्या. दसऱ्याला पूजेपुरती चार धड पानं मिळेनात. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी तुळशीपुढे दिवा लावताना माझा हात कापत होता.

चूक दाखवली ती दिरांनी, तीही सहज. "वहिनी, वावरात पाणी साचलं तं आपण आधी चर काढतो का युरिया देतो? या कुंडीतलं पाणी जाते कुठून, ते तं पाहा." मी त्यांचं अर्धंच काम पाहिलं होतं. युरियाच्या आधी त्यांनी वावरातलं पाणी काढून दिलेलं असे.

तुळस उपटायची नाही, या भीतीनं मी आणखी आठ दिवस घालवले. शेवटी दिवाळीच्या आधी कुंडी आडवी करून थोपटली. आतून चिखलाचा अखंड गोळा निघाला आणि त्याला नालीसारखा वास होता. बुडाकडची मुळं तपकिरी, लिबलिबीत झालेली. चिमटीत धरून ओढलं की साल सरकून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. वरच्या तीन-चार बोटांत मात्र काही मुळं पांढरी आणि टणक होती. तेवढ्यावरच आशा होती.

गोळा बादलीत बुडवून माती हलक्या हातानं सोडवली, कुजलेली मुळं कात्रीनं कापली. मुळं इतकी कमी झाल्यावर वरचा पसारा झेपणार नव्हता, म्हणून फांद्याही निम्म्या छाटल्या. वाळलेल्या मंजिऱ्या तशाच ठेवल्या होत्या, त्याही खुडल्या. मंजिऱ्या तुळशीच्या डोक्यावरचा भार असतात, असं सासूबाई नेहमी म्हणत. बी धरताना झाडाची ताकद खरोखरच तिकडे जाते. नव्या मिश्रणात एक घमेलं काळी माती, एक घमेलं बांधकामाची जाड रेती धुऊन, आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत घेतलं. छिद्रावर खापर ठेवलं, पण या वेळी उपडं आणि वाकडं, खालून पाणी निसटेल असं. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवली. पहिलं पाणी घातलं तेव्हा मिनिटभरात खालून धार लागली. मग चार दिवस सावली, त्यानंतर सकाळचं ऊन. महिनाभर कुठलंही खत नाही.

छाटलेल्या फांद्यांतल्या पाच हिरव्या, चार-चार बोटांच्या, खालची पानं काढून पेल्यातल्या पाण्यात ठेवल्या. दिवसाआड पाणी बदललं. दहा-बारा दिवसांत तिघींना पांढरी मुळं फुटली, दोन काळ्या पडल्या.

मोठ्या झाडाची एकच फांदी जगली. सतराव्या दिवशी तिच्या पेरातून मोहरीएवढे दोन कोंब दिसले. बाकीच्या फांद्या टोकाकडून वाळत खोडापर्यंत आल्या, त्या मी एकेक करून काढल्या. त्या वर्षी तुळशीचं लग्न लागलं ते त्या एका फांदीचं आणि शेजारी लावलेल्या तीन रोपांचं.

पाण्याचा प्रश्न उरला होताच. रोज पाणी घालू नका, हे सासूबाईंना कसं सांगायचं? मी काडी दाखवली. पऱ्हाटीची सोललेली काडी कुंडीच्या कडेनं बुडापर्यंत खुपसायची, थोडा वेळ ठेवून काढायची. ओली माती चिकटून आली तर पाणी नको. कोरडी आली तर खालून निथळेपर्यंत द्यायचं. कार्तिकात असं पाणी चौथ्या दिवशी लागत होतं. सासूबाईंनी काडीला बोट लावून पाहिलं, देवघरात गेल्या आणि पळी घेऊन आल्या. "अर्घ्य पळीभरच असते, माय," म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सकाळी तुळशीला पळीभर पाणी मिळतं आणि तांब्यातलं उरलेलं जमिनीतल्या जास्वंदाला जातं. वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो तेव्हा हीच काडी रोज कोरडी निघते आणि तुळशीला तांब्याभर पाणी द्यावंच लागतं, कधी संध्याकाळीही. पौषात थंडीनं चार पानं पिवळी होऊन गळतात. ती दिसली की माझा हात अजूनही आधी तांब्याकडे जातो. मग मी काडी काढून पाहते.