ॲप काढले, पण मंजुरी तशीच राहिली

सात दिवस मोफत म्हणून आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने परीक्षेच्या तयारीचे ॲप घेतले आणि कार्डचा नंबर दिला. पाचव्या दिवशी त्याने ॲप फोनमधून काढून टाकले. तरी आठव्या दिवशी ९९९ रुपये कापले गेले. "नीट वाचायचे होते," असे सगळे त्यालाच सुनावू लागले. आम्हाला हे मान्य नाही.

ॲप काढल्याने पैसे कापण्याची मंजुरी रद्द होत नाही, कारण ती ई-मँडेट म्हणून बँकेत नोंदलेली असते. म्हणून आम्ही आधी कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करून वर्गणी रद्द केली आणि स्क्रीनशॉट ठेवला. मग बँकेच्या कार्ड विभागातून ई-मँडेटही रद्द केले. यूपीआयवरून मंजुरी दिली असेल, तर ती यूपीआय ॲपच्या ऑटोपेमध्ये सापडते.

आता पैशांचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला कळवले पाहिजे. मुलाच्या एसएमएस आणि ईमेलमध्ये अशी सूचना नव्हती. याच मुद्द्यावर आम्ही बँकेकडे लेखी तक्रार केली आणि तक्रार क्रमांक घेतला. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जाता येते.

सूचना आलेली असेल, तर बँकेविरुद्धची बाजू दुबळी होते. तेव्हा कंपनीकडे परतावा मागावा आणि नकार आल्यास १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. वर्गणीचा असा सापळा २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अनुचित ठरवला आहे. मग दोष फक्त वाचणाऱ्याचा कसा?