तीन पासवर्डांपूर्वीचा पासवर्ड

ऑफिसमध्ये आपल्याला एक युजरनेम आणि एक पासवर्ड मिळतो. त्यावर पीसी उघडतो, वायफाय चालतं, मेल येते, शेअर्ड फोल्डर दिसतं. हे म्हणजे आपलं डोमेन खातं. त्याची माहिती प्रत्येक पीसीवर वेगळी नसते, डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरकडे असते. कोणी ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड दिला की हा सर्व्हर खातं लॉक करतो. आमच्याकडे नियम असा: अर्ध्या तासात पाच चुका, की पुढचा अर्धा तास कुलूप. पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करणाऱ्याला थांबवायला हे ठीकच आहे. गोची अशी की सर्व्हर फक्त चुका मोजतो. चूक माणसाने केली की कुठल्या तरी मशीनने, याचं त्याला देणंघेणं नसतं.

मार्च महिना होता. आमच्या अकाउंट्समधल्या एका मॅडमचं खातं सारखं लॉक व्हायला लागलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, कंपनीतल्या निम्म्या लोकांपेक्षा जुन्या. त्या पगाराच्या फाइल्स मंजूर करतात, आणि वर मार्च एंड. सकाळी पावणेदहाच्या सुमारास लॉक, सव्वादहाला आपोआप उघडणार, मग दुपारी कधीतरी पुन्हा. दर वेळी हेल्पडेस्कला फोन. तिथली पोरं खातं उघडून द्यायची आणि तिकीट बंद करताना कारणांच्या यादीतून एकच निवडायची: पासवर्ड विसरल्या. अकरा तिकिटं झाली. कॅन्टीनमध्ये 'काकूंना पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्या' हा जोकही फिरायला लागला. मॅडमच्या कानावर तो गेला होता. त्या एक एक अक्षर बघून टाइप करायला लागल्या होत्या. तीस वर्षं आकड्यांत काढलेल्या बाईला स्वतःच्या बोटांवर शंका यावी, हे मला फार लागलं.

मी डेव्हलपर, हे माझं काम नव्हे. पण पगार मंजुरीचं ॲप आमच्या टीमने लिहिलंय आणि ते विंडोजच्याच लॉगिनवर चालतं. त्यामुळे हेल्पडेस्कचा दुसरा संशय आमच्या ॲपवर होता. पहिला अर्थात मॅडमवर. त्यांचं म्हणणं सरळ होतं: चार मार्चला पासवर्ड बदलला, पाच मार्चपासून लॉक होतंय, म्हणजे सवयीने मागचाच पासवर्ड टाइप करत असणार.

ऐकायला पटतं. पण यात एक भोक आहे, आणि ते अनेक अनुभवी लोकांनाही माहीत नसतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत पासवर्डचा इतिहास ठेवणं चालू असेल, तर चुकीचा पासवर्ड आल्यावर सर्व्हर आधी तो इतिहासाशी ताडून बघतो. तो आत्ताच्या लगेच आधीचा किंवा त्याच्याही आधीचा निघाला, तर प्रवेश नाकारला जातो पण चूक मोजली जात नाही. `badPwdCount` नावाचा जो आकडा आहे तो वाढत नाही. कारण माणसं सवयीने मागचा पासवर्ड टाकतात, फोनही टाकतात, आणि त्याची शिक्षा नको म्हणून ही सवलत आहे. म्हणजे मॅडमनी डिसेंबरचा पासवर्ड सकाळपासून पन्नास वेळा टाइप केला असता तरी खातं लॉक झालं नसतं.

मग लॉक करत होतं ते काहीतरी त्याहून जुनं होतं.

फोनवर संशय जाणं साहजिक होतं. मेलचं ॲप किंवा सेव्ह केलेलं ऑफिसचं वायफाय जुना पासवर्ड घेऊन गुपचूप दार वाजवत राहतं, स्क्रीनवर फार तर 'सिंक होत नाही' असं येतं. तपासायची सोपी पद्धत म्हणजे फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि वाट बघायची. मॅडमनी फोन सकाळभर तसा ठेवला. तरी पावणेदहाला लॉक. फोन सुटला.

मग हेल्पडेस्कमधल्या त्यातल्या त्यात उत्साही पोराला घेऊन मी लॉग बघायला बसलो. त्याने आमच्या मजल्याच्या नेटवर्कला जवळचा डोमेन कंट्रोलर उघडला आणि म्हणाला, "काहीच नाही इथे." बरोबर होतं त्याचं, कारण तो चुकीच्या सर्व्हरवर बघत होता. आमच्याकडे तीन डोमेन कंट्रोलर आहेत आणि प्रत्येक जण चुकांचा आपापला हिशोब ठेवतो, ते आकडे एकमेकांना कळवत नाहीत. पण पासवर्ड चुकला की प्रत्येक जण एका ठरलेल्या सर्व्हरला विचारतो, 'तुझ्याकडे नवा पासवर्ड आलाय का?' या सर्व्हरला पीडीसी एम्युलेटर म्हणतात. त्यामुळे सगळ्या चुका शेवटी त्याच्याकडे जमतात, आणि लॉक झाल्याची नोंदही तिथे हमखास सापडते. नोंदीचा क्रमांक 4740.

```powershell
$pdc = (Get-ADDomain).PDCEmulator
Get-WinEvent -ComputerName $pdc -FilterHashtable @{
  LogName='Security'; Id=4740 }
```

प्रत्येक नोंदीत `Caller Computer Name` अशी एक ओळ असते. चुकीचा पासवर्ड कुठल्या मशीनकडून आला, ते तिथे दिसतं. (फोन गुन्हेगार असता तर इथे फोनचं नाव दिसलं नसतं. फोन पासवर्ड मेलच्या किंवा वायफायच्या सर्व्हरला देतो आणि तो पुढे विचारतो, म्हणून नाव त्या सर्व्हरचं येतं. मग त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये आणखी एक पायरी खाली उतरावं लागतं.) मॅडमच्या सगळ्या नोंदींमध्ये एकच नाव होतं, एका लॅपटॉपचं. तो ना मॅडमचा होता, ना आमच्या ॲपच्या सर्व्हरचा.

वेळाही बघण्यासारख्या होत्या. दोन्ही बुधवारी एकही लॉक नव्हतं. आता हे लक्षात आल्यावर आम्ही लॅपटॉप कोणाच्या नावावर आहे ते शोधलं. अकाउंट्समधल्याच एका ट्रेनीच्या. त्याचे बुधवारी क्लास असतात, तो येत नाही.

मॅडमना विचारलं तेव्हा त्यांना क्षणात आठवलं. "अरे, जुलैत ऑडिट होतं. त्याला फोल्डरची परवानगी यायला आठवडा लागणार होता. मग मीच माझ्या नावाने जोडून दिलं त्याला." म्हणजे शेअर्ड फोल्डर त्याच्या लॅपटॉपवर Z: ड्राइव्ह म्हणून लावलं, वेगळ्या युजरने जोडायचा पर्याय निवडला, मॅडमचा पासवर्ड दिला आणि लक्षात ठेवण्याच्या चौकटीवर टिक केली. ऑडिट संपलं. टिक राहिली.

आता तारखा लावून बघा. आमच्याकडे पासवर्ड दर नव्वद दिवसांनी बदलावा लागतो. जुलैत जो साठवला तो जूनमधला. सप्टेंबरात मॅडमनी नवा ठेवला, तेव्हा जूनचा झाला 'लगेच आधीचा'. लॅपटॉप तो देत राहिला, सर्व्हर नाकारत राहिला, मोजलं कोणी नाही. ट्रेनीला Z: वर लाल फुली दिसायची, पण त्याचं काम झालेलं होतं, त्याने दुर्लक्ष केलं. डिसेंबरात आणखी एक बदल, जूनचा झाला 'त्याच्याही आधीचा'. अजूनही माफ. चार मार्चला तिसरा बदल झाला आणि जूनचा पासवर्ड सवलतीतून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेनीने लॅपटॉप उघडला, विंडोजने नेहमीप्रमाणे Z: जोडायचा प्रयत्न केला, आणि या वेळी प्रत्येक नकार मोजला गेला. एका प्रयत्नात विंडोज आतून एकापेक्षा जास्त वेळा विचारू शकतं. शिवाय एक्सेलमध्ये फाइल उघडताना ड्राइव्हची यादी समोर आली आणि Z: ला हात लागला की पुन्हा. पाचचा आकडा गाठायला काहीच वेळ लागत नव्हता.

म्हणूनच अशा वेळी 'काल काय बदललं?' हा प्रश्न दिशाभूल करतो. काल फक्त पासवर्ड बदलला होता. बिघाड आठ महिन्यांपूर्वी पेरला गेला होता.

लॅपटॉप मिळाल्यावरही एकदा हुलकावणी बसली. हेल्पडेस्कच्या पोराने त्यावर स्वतःच्या ॲडमिन खात्याने लॉगिन केलं, साठवलेल्या पासवर्डांची यादी काढली, ती रिकामी. त्याचा चेहराच पडला. पण हे पासवर्ड लॅपटॉपचे नसतात, त्या लॅपटॉपवरच्या त्या त्या युजरचे असतात. ट्रेनीला बोलावलं, त्याच्या लॉगिनमध्ये तीच आज्ञा चालवली आणि फाइल सर्व्हरच्या नावापुढे मॅडमचं युजरनेम दिसलं.

```
cmdkey /list
cmdkey /delete:FS01
net use Z: /delete
```

FS01 म्हणजे इथे फाइल सर्व्हर. यादीत जे नाव दिसेल तेच द्यायचं. ज्यांना काळी खिडकी नको वाटते त्यांनी कंट्रोल पॅनलमधलं क्रेडेन्शियल मॅनेजर उघडावं, तेच दिसतं. क्रम मात्र महत्त्वाचा: आधी साठवलेला पासवर्ड काढायचा, मग खात्याचं कुलूप उघडायचं. हेल्पडेस्क अकरा वेळा नुसतं कुलूप उघडत होतं आणि लॅपटॉप ते पुन्हा लावत होता.

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायला लावण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये स्वतःच्या विंडोजसाठीच्या सुरक्षा शिफारशींतून ही सक्ती काढून टाकली. प्रत्येक सक्तीच्या बदलामागे कुठेतरी एक जुना पासवर्ड शिल्लक राहतो: फोनमध्ये, ड्राइव्हमध्ये, रात्री चालणाऱ्या एखाद्या शेड्यूल्ड टास्कमध्ये. वर पाच चुकांची मर्यादा असली की एकटं विसरलेलं मशीनही माणसाला दिवसभर कामाबाहेर ठेवू शकतं. आमच्याकडे ती मर्यादा आता दहा केली आहे. नव्वद दिवस अजून तसेच आहेत.

ट्रेनीला फोल्डरची स्वतःची परवानगी मिळाली, तीही त्याच दिवशी, कारण या वेळी मागणी आयटीकडूनच गेली.

मॅडमना मी सगळं कागदावर तारखा मांडून दाखवलं. त्यांनी ते लेजर तपासावं तसं तपासलं, सप्टेंबर आणि डिसेंबरवर बोट ठेवून दोनदा विचारलं, "म्हणजे या दोन्ही वेळा ते चालूच होतं, फक्त मोजत नव्हतं?" मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "त्या अकरा तिकिटांवर काय लिहिलंय?"

बंद तिकिटातलं कारण बदलता येत नाही, आणि यादीत तसं कारणही नव्हतं. तेव्हा हेल्पडेस्कच्या त्या पोराने बारावं तिकीट उघडलं, त्यात आधीच्या अकराही तिकिटांचे नंबर टाकले, 'इतर' निवडलं आणि खाली लिहिलं: दुसऱ्या लॅपटॉपवर साठवलेला जूनचा पासवर्ड, युजरची चूक नाही. मॅडमनी त्याची प्रिंट मागून घेतली.